व्हिस्की सावर: ताजे लिंबू आणि अंड्याचा पांढरा भाग

«बाटलीतला लिंबूरस वापरला, अंडेही घातले, तरी सावर सपक आणि फेस दोन मिनिटांत विरला. चूक कुठे?»

येथे दोन वेगळे दोष आहेत. बाटलीतल्या रसात आम्ल टिकते, परंतु तो टिकावा म्हणून तापवला जात असल्याने सालीच्या तेलाशी निगडित सुवास उडतो. म्हणून पेय आंबट लागूनही निर्जीव वाटते. नाशिकच्या बाजारातली दोन कागदी लिंबे आयत्या वेळी पिळली, तर २० ते २५ मिली रस सहज मिळतो.

माझे प्रमाण असे: व्हिस्की ६० मिली, रस २२ मिली, समभाग साखर-पाण्याचा पाक २२ मिली आणि एका अंड्याचा निम्मा पांढरा भाग. आधी बर्फाशिवाय पंधरा सेकंद जोराने हलवावे, मग बर्फ घालून पुन्हा हलवावे. पहिल्या हलवण्यात प्रथिने उलगडून हवेच्या बुडबुड्यांभोवती पातळ पडदा धरतात आणि लिंबाचे आम्ल त्या पडद्याला बळकटी देते. बर्फ आधीच घातला, तर थंडीने आणि वितळलेल्या पाण्याने हेच काम अडते. बलकाचा थेंबही गेला, तर त्यातील स्निग्धांश फेस मोडतो. तुमचा फेस बहुधा याच कारणाने विरला असावा. (अंडे फोडताना मीही घाई करतो.)

नीट जमलेला फेस बारीक, साटिनसारखा असतो. तो जिभेवर आधी पोहोचतो, त्यामुळे आम्ल आणि मद्याची धार, प्रमाण तेच असूनही, मवाळ भासते. अंडे कच्चेच राहते, म्हणून ते ताजेच घ्यावे. वृद्धांसाठी अंड्याविना करावे; गरोदर स्त्रियांनी मात्र हे मद्य घेऊच नये.