मदत हवी आहे: क्लेचा नकाशा माळशेजच्या कड्यावर ४८ टक्के का दाखवतोय?

कळवेकर_जीआयएस: ठाणे जिल्ह्याचा क्लेचा नकाशा करतोय. १४४ नमुने, रँडम फॉरेस्ट. उंची, उतार आणि सेंटिनेल-२ चे बँड घातलेत. R² ०.८१ येतोय, तरी माळशेजच्या कड्यावर ४८ टक्के क्ले! तिथे नुसता कातळ आहे हो. शुक्रवारी सादर करायचंय, लवकर सांगा.

वरकस: नमुने कुठले? किती गावांतले? इमेज कुठल्या महिन्यातली?

पामबीच_७: घणसोलीला आमच्या सोसायटीच्या पायाखालीही चिकणमातीच आहे, पावसाळ्यात पार्किंगच्या फरशा उचलल्या जातात. कोणी सॉइल टेस्टवाला सुचवाल का?

डेटावाला: XGBoost लाव आणि नमुने वाढव. मृदा आरोग्य पत्रिकेचे हजारो नमुने तयार आहेत.

वरकस: त्या पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं असतात. क्लेचा रकानाच नाही.

डेटावाला: बरं, राहिलं. पण नमुने कमी आहेत हे खरंच.

कळवेकर_जीआयएस: २४ गावं, प्रत्येकी ६. सगळे भातशेतीतले, ० ते १५ सेंमी. इमेज ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली, ढग नव्हते म्हणून घेतली.

वरकस: मग झालंच की. ऑक्टोबरात भात उभा असतो. सखल खाचरात माती भारी आणि पीक हिरवंगार, बांधाकडच्या हलक्या जमिनीत पीक आधी पिवळं पडतं. मॉडेल शिकलं, हिरवं म्हणजे क्ले. तेव्हा माळशेजही हिरवा असतो. त्यात तुझ्या नमुन्यांत तीव्र उताराचा एकही नाही, त्यामुळे कड्याला खाचराचाच आकडा चिकटला.

०.८१ वरही भरवसा ठेवू नकोस. एकाच गावातले चार नमुने शिकायला नि दोन तपासायला गेले असणार. अख्खं गाव बाजूला ठेवून बघ:

```
cross_val_score(rf, X, y, groups=df["gaav"],
                cv=GroupKFold(n_splits=6), scoring="r2")
```

कळवेकर_जीआयएस: ०.२९ 😐

वरकस: हा खरा आकडा. आता मार्च-एप्रिलची इमेज घे, तेव्हा खाचरं उघडी असतात. जंगल आणि कडे नकाशातून कापून टाक, तिथे उपग्रहाला माती दिसतच नाही.

मुरबाडची_सून: एप्रिलमध्ये आमच्याकडे राब भाजतात हो, शेतात काळे पट्टे पडतात. तुमचं यंत्र त्यालाही भारी माती समजेल. सासरे फेब्रुवारीपासूनच पालापाचोळा गोळा करतात.

वरकस: वहिनी, बरोबर. तीन-चार वर्षांच्या उन्हाळी इमेजेसचा प्रत्येक पिक्सेलला मध्यक काढला तर बरेच पट्टे जातील. पण राबाची जागा दरवर्षी तीच असेल तर?

मुरबाडची_सून: आमची तरी तीच असते. घराजवळचा तुकडा.

मातीपरीक्षक: शहापूरकडची तांबडी माती कॅल्गॉनमध्ये किती वेळ ढवळली होती? लोहाने बांधलेले कण सुटले नाहीत तर क्ले कमी भरते आणि पोयटा जास्त. मग मॉडेलला शिव्या देऊन उपयोग नाही.

कळवेकर_जीआयएस: लॅबने फक्त आकडे दिलेत. विचारतो. शुक्रवारी ०.२९ च दाखवू का?

डेटावाला: ०.८१ दाखव, कोण विचारतंय.

वरकस: मी विचारेन.

पामबीच_७: माझ्या पार्किंगचं काय झालं?