मदत हवी आहे: प्रोसेस अकाउंट ४,००० रुपयांनी जुळत नाही, आणि जॉइंट कॉस्ट नक्की किती वाटायची?

सरावपेटी
सीएमए इंटरच्या सरावातलं गणित आहे. प्रोसेसमध्ये १०,००० किलो माल घातला, किंमत ३,८४,०००. मजुरी आणि ओव्हरहेड मिळून १,८२,०००. नॉर्मल लॉस घातलेल्या मालाच्या ५ टक्के, भंगारभाव किलोला ८ रुपये. पूर्ण होऊन ८,२०० किलो बाहेर पडले. शेवटी १,००० किलो अर्धवट शिल्लक: माल १०० टक्के, कन्व्हर्जन ६० टक्के. सुरुवातीची शिल्लक नाही.

अ‍ॅबनॉर्मल लॉस ३०० किलो येतो. तो पूर्ण झालेला धरून इक्विव्हॅलंट युनिट मालाचे ९,५०० आणि कन्व्हर्जनचे ९,१०० काढले. तरी क्रेडिट बाजू ४,०००ने जास्त येते. पुढे ८,२०० किलोचे एक्स ३,२०० आणि वाय ५,००० असे दोन भाग होतात. त्यांच्यात खर्च कसा वाटू?

आकडेमोड
भंगाराचे पैसे मालाच्या खर्चातून वजा केलेले दिसत नाहीत. एकूण ८०० किलो गेले, म्हणजे ६,४०० वजा करा. मग दर काढा.

खतावणी
दुखणं बरोबर पकडलंत, पण वजा ६,४०० नाही, ४,०००च करायचे. फरक नॉर्मल लॉसच्या भंगाराइतकाच, ५०० गुणिले ८, येतोय हीच खूण आहे. प्रोसेस अकाउंटच्या क्रेडिटला ४,००० लिहिले आणि दर मात्र पूर्ण ३,८४,००० वर काढला, तर तेच पैसे दोनदा जमा होतात.

उरलेले ३,८०,००० भागिले ९,५००, म्हणजे मालाचे ४० रुपये. कन्व्हर्जनचे १,८२,००० भागिले ९,१००, म्हणजे २०. पूर्ण किलोला ६०. आता ८,२०० किलोचे ४,९२,०००, अ‍ॅबनॉर्मल लॉसचे १८,०००, शिल्लक मालाचे ४०,००० अधिक १२,०००. बेरीज ५,६२,०००. त्यात ४,००० मिळवा, डेबिटचे ५,६६,००० जुळतात.

त्या ३०० किलोचं भंगार २,४०० रुपयांचं. ते अ‍ॅबनॉर्मल लॉस अकाउंटला जमा होतं आणि उरलेले १५,६०० कॉस्टिंग नफा-तोट्यात जातात. ते प्रोसेसमधून वजा केले तर हलगर्जीपणाने गेलेल्या मालाचं भंगार चांगल्या मालाचा दर खाली ओढतं, आणि नुकसान किती झालं ते कळतच नाही.

सरावपेटी
जुळलं! मग जॉइंट कॉस्ट ४,९२,००० की त्यात १८,००० मिळवून ५,१०,०००? एक्स स्प्लिट-ऑफला विकला जात नाही. आणखी ८०,००० खर्च केल्यावर १५० रुपये किलोने जातो. वाय तसाच ४३ ने.

खतावणी
फक्त ४,९२,०००. अ‍ॅबनॉर्मल लॉस एक्स-वायच्या माथी मारायचा नाही. अर्धवट शिल्लकही स्प्लिट-ऑफपर्यंत पोचलेली नाही.

वजनावर वाटलंत तर वायवर ३,००,००० पडतात आणि त्याची विक्री २,१५,०००. कागदावर ८५,००० तोटा दिसेल आणि कुणीतरी म्हणेल, वाय बंद करा. एक्स काढायचा तर वाय निघणारच, तो बंद कसा होणार? म्हणून निव्वळ विक्रीमूल्यावर वाटा. एक्सचे ४,८०,००० वजा ८०,०००, म्हणजे ४,००,०००. वायचे २,१५,०००. एकूण ६,१५,०००, त्याच्या ८० टक्के जॉइंट कॉस्ट. एक्सला ३,२०,०००, वायला १,७२,०००.

घाणीवाला
आमच्याकडे शेंगदाण्याचं तेल आणि पेंड निघते. पेंड वजनाने तेलापेक्षा जास्त, भाव मात्र खूपच कमी. हेच गणित लावायचं का?

खतावणी
पेंडीच्या विक्रीला एकूण विक्रीत किती वजन आहे ते बघा. किरकोळ असेल तर तिची निव्वळ रक्कम जॉइंट खर्चातून वजा करून बाकी सगळं तेलावर टाका. भरघोस असेल तर वरची पद्धत. वजनावर मात्र वाटू नका, निम्म्याहून जास्त खर्च पेंडीवर जाईल.

आकडेमोड
एक शंका आहे. या वाटणीत वायवर विक्रीच्या २० टक्के नफा राहतो. एक्सवर ४,८०,००० वर ८०,०००, म्हणजे साधारण १६.७ टक्केच. पुढच्या ८०,००० खर्चाने नफा कमावलाच नाही असं धरलं जातंय ना?

खतावणी
हो, ती या पद्धतीची खरी मर्यादा आहे. दोन्हींवर सारखाच टक्का राहील अशीही वाटणी करता येते. पण प्रश्नात निव्वळ विक्रीमूल्य म्हटलं असेल तर तीच पद्धत लावा.

सरावपेटी
प्रश्नात तसंच आहे, तेच लावते. एक अडतं: तपासणी शेवटच्या टप्प्यावर होत असेल, तर अर्धवट १,००० किलो तपासलेच गेले नाहीत. मग नॉर्मल लॉस १०,००० वर धरायचा की ९,००० वर?

आकडेमोड
९,००० वर. ४५० येतो, अ‍ॅबनॉर्मल ३५०.

खतावणी
तर्क पटतो, पण गणितात 'घातलेल्या मालाच्या' असं स्पष्ट आहे. तपासणीचा टप्पा दिलाय का, प्रश्नाचा तेवढा भाग जसाच्या तसा इथे टाका.