अनुभव धागा : निवृत्तीच्या दिवशी तुम्ही काय बोललात?

या महिनाअखेरीस बँकेतली माझी क्लार्कची पस्तीस वर्षं पुरी होतील. कॅश बंद झाल्यावर छोटा कार्यक्रम आहे. ज्युनिअर मंडळी आणि काही जुने खातेदार असतील, दोघांचेही आभार मानायचेत. पण 'सर्वांचे मनःपूर्वक आभार' लिहून झालं की पेन थांबतं. तुम्ही काय बोललात किंवा काय ऐकलंत, ते सांगा.

जुना लेजरवाला

मी एकच प्रसंग सांगितला. हाताने लेजर लिहायचो तेव्हाचा. बचत खात्यांच्या शिलकांची यादी आणि जनरल लेजर यांत १८० चा फरक. यादी १८० ने जास्त. मी रात्री आठपर्यंत बेरजा करत बसलेलो, प्रत्येक वेळी तेच उत्तर. नवीनच लागलेला एक मुलगा शेजारी येऊन म्हणाला, "सर, बेरीज नका करू. १८० ला ९ ने भाग जातो, कुठेतरी आकडे उलटे पडले असतील." भागाकार २०. म्हणजे शतक आणि दशक या जागांवरचे अंक उलटे झालेत आणि त्यांच्यात २ चा फरक आहे. यादी जास्त, म्हणून यादीत शतकाचा अंक मोठा असणार. तेवढ्याच शिलका ताडायच्या. तिसऱ्या पानावर सापडलं : लेजरला २,७९०, यादीत २,९७०. अक्षर माझंच!

भाषणात म्हटलं, "तोवर मी त्याला चहा सांगायला पाठवत होतो. दुसऱ्या दिवसापासून बॅलन्सिंगला शेजारी बसवून घेतलं." हे सांगितल्यावर आभाराचं वेगळं वाक्य लागलं नाही.

कॅश काउंटर तीन

अगदी बरोबर, ९ चा नियम रामबाण आहे. ९ ने भाग गेला की आकडे उलटेच, दुसरं काही नाही.

जुना लेजरवाला

तसं नाही हो. शून्य खाल्लं तरी ९ ने भाग जातो. ४५० चे ४५ लिहिले तर फरक ४०५. आणि ९० ची नोंद नुसती राहून गेली तरी भाग जाणारच. कुठून शोधायला लागायचं ते त्यातून कळतं, इतकंच. नावेची रक्कम जमेला पडली असेल तर फरक दुप्पट येतो, म्हणून निम्मा करूनही बघायचा. असो, हे भाषणात सांगू नका, लोक पळतील.

रजा शिल्लक

माझाही पुढच्या वर्षी नंबर आहे. शिल्लक रजेचे पैसे शेवटच्या पगारात येतात की वेगळे?

खिडकीपलीकडची

मी खातेदार. आमच्या शाखेतल्या एका बाईंनी निरोपाच्या भाषणात माझ्या वडिलांचं कौतुक केलं : "यांचे हप्ते थकले होते, तरी माणूस कधी तोंड लपवून गेला नाही." हेतू चांगलाच होता. पण वडील खाली मान घालून बसले. थकबाकीची गोष्ट आईलासुद्धा ठाऊक नव्हती. घरी येताना दोघं एक शब्द बोलले नाहीत. खातेदाराबद्दल काउंटरवर काय दिसलं ते सांगा, खात्यात काय दिसलं ते नको.

जुना लेजरवाला

पटलं. गुप्तता पाळायची ती निवृत्त झाल्यावरही.

कॅश काउंटर तीन

इतकंही सोवळं नको. माझ्या कार्यक्रमात एका खातेदारांनी स्वतःच उठून आपल्या कर्जाची गोष्ट सांगितली. सगळे हसले, तेही हसले.

खिडकीपलीकडची

त्यांनी स्वतः सांगितली ना?

धागाकर्ती

सगळं वाचलं. ज्युनिअरचा प्रश्न सुटला. हाताने लेजर लिहिणारी मी कॉम्प्युटरवर आले तेव्हा चुकीची एंट्री रिव्हर्स कशी करायची, हे एका मुलीने न हसता अकरा वेळा दाखवलं. तेच सांगणार. अकरा म्हणजे वहीत खुणा आहेत.

अडलंय ते एका खातेदार काकांपाशी. गर्दीत मी त्यांना एक गड्डी जास्त दिली होती. कॅश बंद व्हायच्या आत त्यांनी परत आणून दिली, म्हणून संध्याकाळी कॅश जुळली आणि शॉर्टची भरपाई खिशातून करायची वेळ आली नाही. हे कुठेच नोंदलेलं नाही. मॅनेजरसाहेबांसमोर सांगावं का?

कॅश काउंटर तीन

बिनधास्त सांगा. आता कोण मेमो देणार?

जुना लेजरवाला

मी नसतं सांगितलं. शेवटचा दिवस असला तरी कॅशची चूक ती कॅशची चूक.

धागाकर्ती

काल काकांना आमंत्रण द्यायला गेले. नाव आणि रक्कम न घेता तो प्रसंग सांगू का, विचारलं. म्हणाले, "सांगा की. पण मी पैसे परत करायला आलोच नव्हतो. पासबुक भरून घ्यायचं राहिलं होतं म्हणून आलो. रांगेत उभा असताना सहज मोजले."

आता भाषण परत लिहितेय.