अनुभव धागा: ऑफिसच्या ग्रुपवर सणाच्या शुभेच्छा, सगळ्यांना आपल्याशा वाटतील अशा

हळदबाजार
सांगलीत एका पतसंस्थेत आहे. यंदा दिवाळीचा मेसेज स्टाफच्या ग्रुपवर टाकायचं काम माझ्याकडे आलंय. ग्रुपमध्ये हिंदू आहेत, मुस्लिम आहेत, दोघे जैन, एक बौद्ध, एक ख्रिश्चन. गेल्या वर्षीचा मेसेज असा होता: "आई महालक्ष्मीच्या कृपेने आपणा सर्वांचे घर धनधान्याने भरो, आपल्या या मंगल सणाच्या हार्दिक शुभेच्छा." त्यावर बऱ्याच जणांनी हात जोडले, पण आमचे दोन-तीन सहकारी गप्पच राहिले. कुणाला वाईट वाटलं असं नाही, पण तो मेसेज त्यांना उद्देशून नव्हता हे मला जाणवलं. मला तीन-चार ओळींचा, मायेचा मेसेज लिहायचाय. कोण काय मानतं हे गृहीत धरायचं नाही. तुमच्याकडे काय टाकतात आणि ते वाचून तुम्हाला काय वाटतं, दोन्ही लिहा.

कुपवाडकर
एमआयडीसीत कार्मिक विभागात बरीच वर्षं आहे, असे मेसेज दर सणाला लिहितो. ताई, तुमच्या जुन्या मेसेजमध्ये अडचण महालक्ष्मीची नाही, "आपल्या या सणाच्या" ची आहे. त्यात वाचणाऱ्याचा सण कोणता हे आपणच ठरवून टाकतो. देवाचं नाव घ्यायचंच असेल तर "आमच्या घरी लक्ष्मीपूजन आहे" असं स्वतःच्या नावावर घ्यावं. ते कुणाला खटकत नाही.

मी असं करतो. पहिल्या ओळीत सगळ्यांना लागू होईल ते, म्हणजे सुट्टी. ऑफिस कधी बंद, कधी उघडणार. दुसऱ्या ओळीत सगळ्यांसाठी सदिच्छा. सणाचं नाव घेऊन शुभेच्छा तिसऱ्या ओळीत, त्याही ज्यांच्या घरी सण आहे त्यांना. शेवटी एखादं खरं घडलेलं काम, ज्यासाठी आभार मानावेत. उदाहरणार्थ:

"नमस्कार मंडळी. दिवाळीनिमित्त ऑफिस सोमवार ते बुधवार बंद आहे, गुरुवारी नेहमीच्या वेळी भेटू. सुट्टीत सगळ्यांना घरच्यांसोबत निवांत वेळ मिळो. ज्यांच्या घरी दिवाळी आहे, त्यांना मनापासून शुभेच्छा. ऑडिटच्या आठवड्यात रात्री उशिरापर्यंत थांबून सगळ्यांनी साथ दिलीत, ते लक्षात आहे."

ओळींचा हा क्रम बदलू नका. "ज्यांच्या घरी दिवाळी आहे त्यांना शुभेच्छा, ज्यांच्या घरी नाही त्यांनाही सुट्टी सुखाची जावो" असं लिहिलंत तर दुसऱ्या वाक्यातले लोक पंगतीत वेगळे बसवल्यासारखे होतात. सगळ्यांसाठीचं आधी आलं की कुणी मागे राहत नाही.

पुष्कराज७
एवढा विचार कशाला? सगळ्यांची यादी करायची. दिवाळी, ईद, नाताळ, मोहरम, बुद्धपौर्णिमा, ज्याचा सण त्याला त्या दिवशी शुभेच्छा. आमच्या ब्रँचला हेच चालतं. कुणाला विसरत नाही, हे महत्त्वाचं.

कडेगावचा
दादा, विसरायचं नाही हे अगदी बरोबर. फक्त यादीतून मोहरम काढा. मोहरमच्या दहाव्या दिवशी करबल्यातल्या हुतात्म्यांची आठवण असते. त्या दिवशी "मोहरमच्या शुभेच्छा" आला की काय उत्तर द्यावं कळत नाही. आमच्या कडेगावात ताबुतांच्या भेटी बघायला सगळ्या जातीधर्माचा गाव लोटतो, हिंदू मंडळींचे ताबूतही असतात. सगळं गाव त्यात असतं, तरी एकमेकांना शुभेच्छा देत नाही.

दोन्ही ईदला मात्र आवर्जून टाका, "ईद मुबारक" एवढे दोन शब्द पुरेत. आणि रमजान ईदचा मेसेज आधीच टाइम लावून ठेवू नका. चंद्र दिसल्याचं जाहीर झालं की मगच टाका. कॅलेंडरवरची सुट्टी आणि प्रत्यक्ष ईद यांत एका दिवसाचा फरक पडू शकतो. आमच्या ऑफिसचा मेसेज एकदा आदल्या दिवशी सकाळी आला, तेव्हा आमचा रोजा चालू होता. राग नाही आला, पण कुणी कॅलेंडर बघून टाकलाय हे कळलं.

कुपवाडकर
चंद्राचा मुद्दा एकदम पक्का. त्यात ईद-ए-मिलादची भर घालतो. 2023 मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आले. विसर्जनाची गर्दी बघून राज्यात बऱ्याच ठिकाणी जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरलं, सरकारी सुट्टीही 29 ला गेली. आम्ही दोन्ही एकाच मेसेजमध्ये कोंबले नाहीत. वेगवेगळ्या दिवशी टाकले आणि दोन्हीकडून छान उत्तरं आली.

मिरजेची सिस्टर
माझंही तेच म्हणणं आहे, फक्त गुड फ्रायडेबद्दल. येशूला क्रुसावर दिलं तो दिवस. आम्ही उपवास धरतो, दुपारी चर्चमध्ये असतो. त्या दिवशी फुगे आणि ससे असलेलं चित्र आलं होतं. पाठवणाऱ्या बाईंचं मन चांगलं, म्हणून मी "थँक्यू" लिहिलं आणि फोन बाजूला ठेवला. रविवारी ईस्टरला पाठवलं असतं तर किती आनंद झाला असता. ज्या दिवशी काय टाकावं ठाऊक नाही, त्या दिवशी सहकाऱ्याला नुसतं विचारलं तरी बरं वाटतं.

गुळाचाबाजार
आमचं गणपती पेठेत दुकान आहे. गिऱ्हाइकांना पाठवायला बॅनर हवाय, त्यात सगळ्या देवांचे फोटो बसतील का? कुणाकडे तयार डिझाइन आहे?

हळदबाजार
दादा, हे ऑफिसमधल्या सहकाऱ्यांच्या मेसेजबद्दल चाललंय. बॅनरचं वेगळं विचारा, नक्की कुणीतरी सांगेल.

अजिंक्यतारा
साताऱ्यातून. मी बौद्ध. दिवाळीपेक्षा माझ्या मनात जास्त दसरा असतो, कारण 1956 मध्ये बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा घेतली ती अशोक विजयादशमीला. त्या दिवशी ग्रुपवर आपट्याच्या पानांचे पन्नास फोटो येतात, आणि मी ते प्रेमानेच घेतो. एका वर्षी आमच्या मॅडमनी लिहिलं, "आज दसरा आहे आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनही. दोन्ही साजरे करणाऱ्यांना शुभेच्छा." तो मेसेज मी आईला वाचून दाखवला.

पण एक सांगतो. दोन दिवसांनी मला एकट्यालाच खासगीत लांबलचक मेसेज आला, त्यात माझ्या समाजाचं कौतुक होतं. तो नको होता. सगळ्यांसमोर एक ओळ आली, त्यात मी आलोच होतो.

वारणाकाठ
जैन आहे. आमची दिवाळी भगवान महावीरांच्या निर्वाणाची, अमावस्येला पहाटे मंदिरात निर्वाण लाडू चढवतात. म्हणून "ज्यांच्या घरी दिवाळी आहे" ही ओळ मला फार आवडली, त्यात आमची दिवाळीही बसते. प्रत्येकाच्या दिवाळीचं कारण मेसेजमध्ये लिहायची गरज नाही. यादी केली की कुणीतरी सुटतंच. पुष्कराजदादांचं म्हणणं वेगळं आहे हे माहीत आहे, पण मला एकच सर्वांना सामावणारी ओळ बरी वाटते.

पुष्कराज७
मोहरम आणि गुड फ्रायडे काढतो यादीतून, हे मला खरंच माहीत नव्हतं. पण यादी ठेवणार. आमच्या शिपाईमामांना त्यांच्या सणाचं नाव घेऊन मेसेज आला की ते दिवसभर सगळ्यांना दाखवतात. सगळ्यांना सामावणाऱ्या ओळीत त्यांना त्यांचं नाव सापडणार नाही.

कृष्णामाई
माझा अनुभव धर्माचा नाही, तरी लिहिते. मागच्या श्रावणात सासरे गेले. घरात वर्ष झालेलं नव्हतं, म्हणून ना आकाशकंदील, ना फराळ. ग्रुपवर "तुमची दिवाळी धूमधडाक्यात होवो" आलं तेव्हा मी ग्रुप म्यूट केला. "सुट्टीत निवांत वेळ मिळो" ही ओळ तेव्हा मलाही चालली असती. ताई, तुमच्या स्टाफमध्ये अशी कुणाची पहिली दिवाळी असेल तर मेसेजआधी त्यांना फोन करा.

हळदबाजार
आहे एक, आमच्या कॅशियरकाकांकडे. आज संध्याकाळी फोन करते. मेसेज कुपवाडकरांच्या क्रमानेच लिहितेय. दसऱ्याची ओळ अजिंक्यतारांनी सांगितली तशी पुढच्या वर्षासाठी लिहून ठेवली. पण नाव घेऊन शुभेच्छा की सर्वांची एक ओळ, हे माझं अजून ठरत नाहीये. आणखी कुणाचा अनुभव असेल तर सांगा, मेसेज धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी जाणार आहे.