मदत हवी आहे: बाबांची जीभ सुजली, पण अ‍ॅलर्जी नव्हती

नमस्कार मंडळी, आम्ही नागपूरचे, मानेवाड्याला राहतो. परवा पहाटे बाबांचा ओठ सुजला, तासाभरात जीभही. खाज नाही, अंगावर गांधी नाहीत. आम्ही मात्र आदल्या रात्रीच्या सावजीला दोष देत बसलो! मग त्यांचा आवाज घोगरा झाला, थुंकी गिळेना. ऑक्सिमीटरवर 97 दिसत होतं म्हणून मी निर्धास्त, ती चूकच. घसा बंद होत आला तरी हा आकडा बराच वेळ चांगला राहतो, असं भूलतज्ज्ञांनी नंतर सांगितलं.

दवाखान्यात अ‍ॅड्रेनालिन, एव्हिल, स्टेरॉइड सगळं देऊन फरक पडेना, शेवटी श्वासनलिकेत नळी टाकावी लागली. बाबा चार वर्षांपासून रामिप्रिल ही बीपीची गोळी घेतात. इतकी जुनी गोळी आता कशी बाधेल? पण बाधते. ही सूज अ‍ॅलर्जीत सुटणाऱ्या हिस्टामिनची नसून ब्रॅडिकायनिन या शरीरातल्याच दुसऱ्या रसायनाची, आणि ते मोडणारं एन्झाइमच ही गोळी अडवते. गोळी बंद केली, आता बाबा बरे आहेत.

अडलंय पुढे. आत्याचाही तरुणपणापासून अधूनमधून चेहरा सुजतो, पोट मुरडून दुखतं, दोन-तीन दिवसांत आपोआप थांबतं. म्हणून डॉक्टरांना आनुवंशिक प्रकाराची शंका आहे. रक्तातल्या सी4 या प्रथिनासोबत सी1 इनहिबिटर या प्रथिनाचं प्रमाण आणि कार्य दोन्ही तपासायला सांगितलंय, कारण काहींत प्रमाण ठीक असूनही ते काम करत नाही. ही कार्याची तपासणी नागपुरात कुणी केलीय का? नमुना बाहेर जात असेल तर गोठवून पाठवतात का?

(आत्याची बीपीची गोळीही तीच निघाली. आजच तिच्या डॉक्टरांकडे नेतोय.)