मदत हवी आहे: एकाच मुलाची व्यायामानंतरची नाडी, पण आकडे दोन

आठवीची_ताई
नमस्कार. मी पुण्यात सहकारनगर भागातील एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. या आठवड्यात एका मुलाला २ मिनिटे जागेवर धावायला लावले आणि तो थांबताच दोन मुलांनी त्याच्या दोन मनगटांवर नाडी मोजली. धावण्यापूर्वी ती मिनिटाला ८४ होती. थांबल्यावर एकाने १५ सेकंद मोजून चारने गुणले, तेव्हा १४० आली. दुसऱ्याने पूर्ण मिनिट मोजले, तर १२०. दोघेही मन लावून मोजत होते, मी शेजारीच उभी होते. वहीत कोणता आकडा लिहायला सांगावा?
आणखी एक काळजी आहे. एका मुलीची नाडी बसल्या जागी १०८ भरली आणि मुले लगेच "हिला बीपी आहे" असे म्हणू लागली. त्यांना काय सांगावे?

रास्तापेठकर
ताई, एकाने अंगठ्याने मोजले असणार. अंगठ्यात स्वतःचे ठोके जाणवतात, म्हणून नेहमी पहिली दोन बोटे ठेवावीत. मनगटापेक्षा मानेवर नाडी पटकन सापडते, तिथेच मोजायला सांगा. मुलीचे म्हणाल तर हृदय जोरात पळते म्हणजे दाबही वाढलेला असणार. तो मोजून घ्यावा.

पर्वती_रोज
माझा अनुभव लिहितो. मी रोज सकाळी पर्वती चढतो, चांगली धाप लागते, तरी वर पोहोचल्यावर नाडी नव्वदीच्या पुढे जात नाही. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलची गोळी चालू आहे. माझे हृदय तंदुरुस्त आहे असे यावरून म्हणता येईल का?

निवृत्त_शरीरक्रिया
ताई, दोन्ही मुलांची मोजणी बरोबर असू शकते. धावणे थांबताच नाडी झपाट्याने उतरू लागते आणि पहिल्या मिनिटातच बरीच खाली येते. पूर्ण मिनिट मोजणाऱ्याच्या हाती त्या उतरत्या मिनिटाची सरासरी लागते, तर पहिले १५ सेकंद मोजणारा थांबल्याच्या क्षणाच्या जवळ असतो. पुढच्या वेळी मिनिटाचे १५ सेकंदांचे चार तुकडे करून, मध्ये न थांबता, प्रत्येक तुकड्यातले ठोके वेगळे लिहायला सांगा. धावण्यापूर्वीच नाडी शोधून तिथे पेनाने खूण करून ठेवा, कारण ती शोधण्यात १० सेकंद गेले तरी वरचा आकडा निसटतो.
अंगठ्याबद्दल रास्तापेठकर यांचे म्हणणे योग्य आहे, पण मान नको. तिथल्या धमनीच्या भिंतीत दाब ओळखणारे मज्जातंतू असतात. बोट जोरात दाबले तर नाडी मंदावते, कोणाला भोवळही येऊ शकते.
नाडी आणि दाब एकत्रच वाढतात, हेही खरे नाही. धावताना रक्तदाबाचा वरचा आकडा चढतो. खालचा मात्र जवळपास तिथेच राहतो, कारण पायांच्या स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्ताला वाट मोकळी मिळते. म्हणून नुसत्या नाडीवरून कोणाला बीपी आहे असे म्हणता येत नाही.
त्या मुलीला ५ मिनिटे शांत बसवून नाडी पुन्हा मोजा. जिना चढून येणे, ताप किंवा सगळ्यांच्या नजरा एवढ्यानेही ती वाढते. तरीही ती शंभरच्या वर राहिली, तर पालकांना एकांतात सांगून डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यायला सुचवा. हिमोग्लोबिन १४ ग्रॅम असेल तर १०० मिलिलिटर रक्त सुमारे १९ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेते, ९ ग्रॅम असेल तर जेमतेम १२. ही तूट हृदय जास्त रक्त ढकलून भरून काढते. या वयाच्या मुलींमध्ये पंडुरोग खूप आढळतो, पण निदान वर्गात करू नये.
पर्वती_रोज, ही गोळी नाडीचा वेग फारसा वाढू देत नाही, त्यामुळे तुमच्या आकड्यावरून तंदुरुस्ती कळत नाही. गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका.

आठवीची_ताई
मनापासून आभार. आज त्याच मुलाचे चार तुकडे मोजले: ३५, ३१, २८, २६. बेरीज १२०, आणि पहिल्या तुकड्याचे चारपट १४०! दोन्ही आकडे एकाच मिनिटातून निघालेले पाहून मुलांनी स्वतःहून आलेख काढायला घेतला. मुलगी शांत बसल्यावर १०२ आली. तिच्या आईशी उद्या बोलणार आहे.

रास्तापेठकर
मानेचे मला ठाऊक नव्हते. मग १० सेकंदांचे सहा तुकडे केले तर उतार अधिक बारकाईने दिसणार नाही का?

निवृत्त_शरीरक्रिया
दिसेल, पण १५ सेकंदांत एक ठोका चुकला तर मिनिटाला ४ चा फरक पडतो, १० सेकंदांत ६ चा. आठवीच्या मुलांना कोणते झेपेल, हे ताईंनी दोन्ही करूनच पाहावे.