दरमहा पाच टक्के आणि सभासद आणल्यास बोनस : ठाण्यातील योजनेबाबत

मेधा : सर्वांना सप्रेम नमस्कार. घोडबंदर रोडला राहणाऱ्या माझ्या आईने शेजारणीच्या शब्दावर एका कंपनीत एक लाख रुपये भरले आहेत. दरमहा पाच हजार, दोन वर्षांनी मुद्दल परत आणि नवा सभासद आणल्यास त्याच्या रकमेच्या दहा टक्के बोनस, असे स्टॅम्प पेपरवर लिहून दिले आहे. सात महिने एक तारखेला पैसे न चुकता जमा झाल्यामुळे ती आता मुदत ठेव मोडून आणखी पाच लाख भरायला निघाली आहे. इतक्या दूरवरून खातरजमा कशी करावी?

श्रीकांत : मेधाताई, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव शोधा. नोंदणी आणि जीएसटी क्रमांक असतील, तर काळजीचे कारण दिसत नाही.

सुधाकर (निवृत्त बँक लेखापरीक्षक) : श्रीकांत, नोंदणी अवश्य पाहावी, परंतु तिच्यावरून कंपनी स्थापन झाली एवढेच कळते, लोकांकडून ठेवी घेण्याची परवानगी ही निराळी गोष्ट आहे. मेधा, सात हप्ते आले हा पुरावा मानू नकोस. आईच्या लाखातून शेजारणीला दहा हजार गेले, उरले नव्वद. त्यातून दरमहा पाच हजार दिले तर एक रुपयाचाही धंदा न करता, केवळ आईचेच पैसे तिला परत करून, अठरा महिने निघतात, आणि मुद्दल द्यायचे आहे चोविसाव्या महिन्यात! आईचे पाच लाख आले की इतरांचे हप्ते त्यातून भागतील. कंपनी कोणाच्या परवानगीने ठेवी घेते, हे sachet.rbi.org.in वर शोध. ‘सेबीची नोंदणी आहे’ असे सांगितले, तर लक्षात ठेव, की तेथे नोंदणी असलेल्या पोर्टफोलिओ व्यवस्थापकालाही ठरावीक परताव्याची हमी देता येत नाही.

वासंती : माझ्या वाशीच्या बहिणीचे पैसे पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत आहेत. तेथेही दरमहा ठरावीक रक्कम मिळते आणि एजंट कमिशन घेतो. तेही काढून घ्यावेत का?

सुधाकर : मुळीच नाही, वासंतीताई. ती सरकारची योजना आहे, व्याज वर्षाला आठ टक्क्यांहून कमी आहे आणि तेथील कमिशन अधिकृत एजंटाला, तेही किरकोळ मिळते. येथे महिन्याला पाच, म्हणजे वर्षाला साठ टक्के कबूल केले आहेत आणि प्रत्येक ठेवीदारालाच एजंट केले आहे.

मेधा : काका, पाच लाख थांबवले. मुद्दल मागितले, तर मुदतीआधी तीस टक्के कापू म्हणतात. तरीही घ्यावे का, यावर आई आणि भाऊ यांचे एकमत नाही. शिवाय आईने माझ्या मावशीलाही सभासद केले असून त्याचे दहा हजार घेतले आहेत.

सुधाकर : मी असतो तर कापूनही घेतले असते, पण मुद्दल तिचे आहे. मावशीला मात्र आजच कळवा आणि ते दहा हजार खर्च करू नका. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणाऱ्या 2019 च्या कायद्यात जाणूनबुजून खोटे सांगून इतरांना पैसे भरायला लावणेही गुन्हा आहे. आईला ठाऊक नव्हते, पण आता तुम्हाला ठाऊक आहे. स्टॅम्प पेपर, पावत्या आणि बँकेचा उतारा घेऊन भावाने ठाणे पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत जावे. हप्ते थांबण्याची वाट पाहू नये.